सेक्रेटरींचं निरोपाचं भाषण आणि कपाटाच्या किल्ल्या

हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींच्या निरोपाचा नंबर नेहमी सगळ्यात शेवटी लागतो. हिशेब मंजूर झालेले असतात, पार्किंगवरून व्हायचं ते भांडण होऊन गेलेलं असतं आणि लोकांचं अर्धं लक्ष जिन्याखाली ठेवलेल्या वडापावच्या पातेल्याकडे असतं. अशा वेळी दोन-दोन मुदती काम केलेला माणूस उठतो, "माझ्याकडून कळत-नकळत कुणी दुखावलं गेलं असेल तर सांभाळून घ्या" एवढं म्हणतो, शाल-श्रीफळ स्वीकारतो आणि खाली बसतो. टाळ्या पडतात. पुढे तीनेक महिन्यांनी बँकेतून नव्या सेक्रेटरींना विचारणा होते, की सोसायटीच्या ठेवीची मुदत भरली, पावती घेऊन या. पावती कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं.

मला विचाराल तर हे भाषण म्हणजे सेक्रेटरींच्या डोक्यातला माल सोसायटीच्या दप्तरात उतरवण्याची शेवटची संधी असते. रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते कुणीही उघडून वाचू शकतं. कुठलं काम कुणाच्या टेबलावर अडलंय, कुठल्या ठेकेदाराचे किती पैसे का रोखून धरलेत, कुठल्या कागदाची मूळ प्रत वकिलाकडे पडून आहे, हे मात्र त्या एकाच माणसाला माहीत असतं. ते त्याने सभेत बोलून दाखवलं, तर पन्नास माणसांसमोर येतं आणि इतिवृत्तात उतरतं.

कायद्याची बाजू आधी पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६० नुसार नवी समिती आणि तिचा अध्यक्ष निवडून आल्यावर मावळत्या अध्यक्षाने समितीच्या ताब्यातली सर्व कागदपत्रं आणि मालमत्ता नव्या अध्यक्षाकडे सोपवायची असते. टाळाटाळ केली तर निबंधक तसा आदेश काढू शकतात आणि तोही मोडला तर तो गुन्हा ठरतो. गंमत अशी, की कायद्यात जबाबदारी अध्यक्षाची आणि कपाटाच्या किल्ल्या सेक्रेटरींच्या कमरेला. त्यामुळे चार्ज देताना दोघांनाही हजर राहावं लागतं, निदान राहायला हवं. मुदत संपण्याआधीच राजीनामा द्यायचा असेल, तर तो अध्यक्षांकडे जातो. तिथेही आदर्श उपविधींचा रोख असाच आहे, की सोपवलेलं काम पुरं केलंय आणि जवळचे कागद समितीपुढे मांडलेत याची खात्री पटल्यावरच समितीने तो मंजूर करावा. "उद्यापासून मी येणार नाही" असं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून कुणी मोकळं होत नाही.

आता एक सोसायटी डोळ्यांसमोर धरू. डोंबिवली पूर्वेला १९९४ मध्ये बांधलेली चार मजली इमारत, बत्तीस बिऱ्हाडं, सोसायटीची नोंदणी १९९६ ची. बँकेतून निवृत्त झालेले एक काका दहा वर्षं सेक्रेटरी होते. आता गुडघे जिने चढू देत नाहीत, मुलगा पुण्याला बोलावतोय. सोसायटी कल्पनेतली आहे, पण तिची दुखणी ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या इमारतीला लागू पडतील.

काकांनी भाषणाची सुरुवात आभारांनीच करावी, पण नावनिशीवार नव्हे तर कामानिशी करावी. "सर्व सभासदांनी सहकार्य केलं" या वाक्याने कुणाचंच मन भरत नाही. त्याऐवजी ते म्हणाले, "गच्चीचं वॉटरप्रूफिंग चाललं होतं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या चारही घरांनी बारा दिवस आपली टाकी बंद ठेवून खालून पाणी भरलं, कुणी एकदाही तक्रार केली नाही," तर त्या चार घरांतल्या बायका एकमेकींकडे बघून हसतील. त्यात माहितीही आहे. टाकीचा व्हॉल्व्ह वेगळा बंद करता येतो, हे नव्या समितीला फुकटात कळलं. दर महिन्याला बिलं घरोघर पोचवणारा वॉचमन, हिशेब लिहून देणारी तळमजल्यावरची मुलगी, पावसाळ्यात मध्यरात्री पंप बंद पडल्यावर चपला न घालता धावत आलेला दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा, यांचं ऋण पगाराच्या चौकटीत मावत नाही. ते बोलूनच फेडावं लागतं. टोमणे मात्र टाळावेत. "काही जण फक्त सभेत तोंड उघडतात" असं म्हणायचा मोह दहा वर्षांनंतर अनावर होतो, हे मान्य. पण त्या एका वाक्यावर सभा दहा मिनिटं खाते आणि पुढचं कुणी ऐकत नाही.

पुढचा भाग मोलाचा. अपुऱ्या कामांपैकी सगळ्यात जड काम म्हणजे कन्व्हेयन्स, म्हणजेच जमीन आणि इमारतीची मालकी बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर करून घेणं. १९६३ च्या मोफा कायद्याखाली सोसायटी नोंदवल्यावर चार महिन्यांत बिल्डरने हा दस्त करून द्यायचा असतो. तो देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची वाट मोकळी केली. बिल्डर मेला, पळाला किंवा नुसता बसून राहिला, तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

या कामाबद्दल "कन्व्हेयन्सचं काम चालू आहे" एवढंच सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. काका बँकेतले असल्याने त्यांना सवय होती, की काम कुठल्या पायरीवर आहे, कागद कुठे आहे आणि पुढची तारीख कोणती, या तीन गोष्टी कळल्याखेरीज फाइल पुढे सरकत नाही. तशीच त्यांनी ही फाइल मांडली. अर्ज नमुना सातमध्ये करायचा असतो. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, बिल्डरला वकिलामार्फत पाठवलेली नोटीस आणि प्रत्येक सदनिकेच्या कराराचा इंडेक्स टू जोडायचा असतो. काकांकडे यातलं जवळजवळ सगळं होतं. बत्तीसपैकी एकोणतीस इंडेक्स टू फाइलमध्ये होते. उरलेल्या तीन घरांपाशी काम तुंबलं होतं.

त्यातली दोन घरं पुन्हा पुन्हा विकली गेली. आताच्या मालकाकडे स्वतःच्या खरेदीचे कागद आहेत, पण बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला करून दिलेला करार नाही. पहिला खरेदीदार कधीच गाव सोडून गेला. दुय्यम निबंधक कार्यालयात १९९४-९५ च्या नोंदींत शोध घेऊन त्या कराराची प्रत काढणं एवढंच आता शक्य आहे. त्यासाठी काकांनी अर्ज दिलेला, त्याची पोच फाइलच्या शेवटच्या पानाला टाचलेली. तिसरं घर वेगळंच. करार झाला, पण नोंदणीच झाली नाही आणि मुद्रांक शुल्कही पुरतं भरलेलं नाही. मालक वयस्कर आहेत, त्यांना वाटतं सोसायटी आपल्याला घराबाहेर काढायला बघतेय. आधी त्यांना हे नीट समजावलं पाहिजे, की दंडासह थकलेलं शुल्क भरून टाकलं तर त्यांच्याच घराचा कागद पक्का होतो. हे काम वकिलाच्या नोटिशीने होणार नाही. त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊनच ते होईल. आणि हे काकांनी सभेत बोलायचं नाही, चार्ज देताना नव्या सेक्रेटरींना एकांतात सांगायचं. का, ते पुढे पाहू.

चौथी अडचण नकाशातली आहे. याच भूखंडावर मागे दुसरी इमारत आहे आणि तिची सोसायटी वेगळी नोंदलेली. मग सगळी जमीन एका सोसायटीच्या नावावर होणार नाही. बांधकामाच्या प्रमाणात अविभक्त हिस्सा मागावा लागेल आणि वास्तुविशारदाच्या दाखल्यात तो आकडा नीट यावा लागेल. आकडा चुकला तर मागची सोसायटी सुनावणीत हरकत घेणार, हे ठरलेलं. काकांनी मागच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी दोनदा बोलून एक समजूत घातली होती, पण ती तोंडीच होती. भाषणात त्यांनी तेवढंच सांगितलं, की बोलणं झालंय, लेखी झालेलं नाही, पहिल्या महिन्यातच लेखी करून घ्या.

उपनिबंधकांकडे अर्ज गेल्यावर बिल्डरला आणि जमीनमालकाला नोटिसा जातात, सुनावणी होते आणि पात्र असल्यास एकतर्फी दस्त करण्याचं प्रमाणपत्र मिळतं. सोसायट्यांची खरी फसगत इथून पुढे होते. प्रमाणपत्र हाती आलं की पेढे वाटले जातात आणि फाइल कपाटात जाते. पण आदेश म्हणजे मालकी नव्हे. दस्ताच्या मुद्रांकाचं अभिनिर्णय करून घ्यावं लागतं, दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि शेवटी नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव चढवावं लागतं. ज्या दिवशी मिळकत पत्रिकेवर बिल्डरच्या जागी सोसायटीचं नाव छापून येईल, त्या दिवशी काम संपलं म्हणायचं. काकांनी हे वाक्य भाषणात म्हटलं, आणि ते इतिवृत्तातही शब्दशः घातलं जावं असा आग्रह धरला. आग्रह अगदी रास्त. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न तोच येतो.

दुसरं अपुरं काम एका मृत सभासदाच्या घराचं. असे विषय दरवर्षी एखादा तरी येतोच. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा वारले. नामनिर्देशनाच्या रजिस्टरमध्ये आजींचं नाव आहे. मोठा मुलगा परगावी, धाकटा आईजवळ, आणि मोठ्याचं पत्र आलंय की माझं नाव आधी लावा. इथे बरेचसे सेक्रेटरी गोंधळतात, कारण नॉमिनी म्हणजे मालक असा आपल्याकडे घट्ट समज आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे मृत सभासदाचा हिस्सा मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक करार यांच्या आधारे हस्तांतरित होतो. तोवर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं. म्हणजे आजींना तात्पुरतं सभासदत्व द्यायचं आणि वारसांनी आपसात ठरवून योग्य कागद आणेपर्यंत कुणाच्याही पत्रावरून शेअर सर्टिफिकेटला हात लावायचा नाही. सोसायटी वारस ठरवत नसते.

आता मघाची गोष्ट. हे प्रकरण काकांनी सभेत कसं मांडावं? माझ्या मते, "एका मृत सभासदाच्या वारसनोंदीचं काम अपुरं आहे, कागद फाइल क्रमांक अमुकमध्ये आहेत" एवढंच. घर कुठलं, भांडण कुणात, हे लोकांना आधीच माहीत असतं. तरी सेक्रेटरींच्या तोंडून सभेत ते येणं वेगळं. तेच थकबाकीदारांचं. रक्कम आणि पायरी सांगावी, घरातली अडचण सांगू नये. काकांच्या सोसायटीत एका घराची थकबाकी अडीच वर्षांची झालेली. कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला मागायचा ठराव झालाय. पण अर्जाला जोडायचा महिनावार खातेउतारा आणि पूर्वी दिलेल्या बिलांच्या, नोटिशींच्या प्रती अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. अर्ज फेटाळला जातो तो अनेकदा याच उताऱ्यामुळे: व्याज कुठल्या ठरावाने, किती टक्क्यांनी लावलं ते त्यातून दिसत नाही. काकांनी पुढच्या माणसाला हात जोडून सांगितलं, की अर्ज करण्याआधी उतारा ऑडिटरच्या नजरेखालून घाला.

पैशांबद्दल एकच गोष्ट भाषणात ठासून यायला हवी. सिंकिंग फंड. आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चावर, जमिनीची किंमत वगळून, वर्षाला किमान पाव टक्का या निधीत जमा व्हायचा असतो, आणि रोजच्या दुरुस्तीच्या निधीसाठी किमान पाऊण टक्का वेगळा. सिंकिंग फंड इमारतीची मोठी, मूळ ढाच्याशी संबंधित दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी यांसाठी असतो. नवी समिती आली की पहिला उत्साह रंगकामाचा असतो आणि नजर या ठेवींकडे जाते. "रंग काढायचा तर वर्गणी काढा, ठेवी मोडू नका" असं मावळता सेक्रेटरीच बोलू शकतो, कारण त्याला आता कुणाची मतं नकोत. ठेव पावत्या कुठल्या बँकेच्या, कुठल्या तारखेला मुदत भरणाऱ्या, याची यादी त्याने तिथेच वाचून दाखवली तर सुरुवातीला सांगितलेला फोन कधी येणारच नाही.

आणि मग किल्ल्या. पूर्वी किल्ल्या म्हणजे कपाटाच्या, पंपरूमच्या आणि गच्चीच्या असत. आता सगळ्यात महत्त्वाची किल्ली म्हणजे सेक्रेटरींचा मोबाइल नंबर. सोसायटीच्या बँक खात्याचा ओटीपी त्यांच्या फोनवर येतो. महावितरणच्या सामाईक मीटरचं बिल, टीडीएसचं खातं, लिफ्ट कंपनीचा देखभाल करार, सोसायटीची ईमेल, सगळीकडे तोच नंबर. काका पुण्याला गेले आणि त्यांनी नंबर बदलला, तर सोसायटी आपल्याच खात्याबाहेर उभी. म्हणून प्रत्येक ठिकाणचा नंबर बदलायचं काम चार्जच्या यादीत वेगळं लिहावं लागतं. बँकेत तर नव्या समितीचा ठराव, नव्या सह्यांचे नमुने आणि केवायसी दिल्याशिवाय सही बदलत नाही, आणि याला चार-सहा आठवडे सहज लागतात. या मधल्या काळासाठी काही सेक्रेटरी सोय म्हणून कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवून जातात. हे कृपा करून करू नये. सही ज्याची, जबाबदारी त्याची. लागतील तेवढे चेक येऊन, बिल पाहून, रक्कम भरून मगच सही करावी. वॉचमनचा पगार आणि पाण्याचं बिल सोडलं तर त्या महिन्याभरात फारसं काही अडत नाही.

या सगळ्याची यादी कागदावर हवी. सभा संपल्यावर अध्यक्ष, जुने सेक्रेटरी, नवे सेक्रेटरी आणि खजिनदार असे चौघांनी कपाट उघडून बसावं आणि एकेक वस्तू हातात घेऊन खूण करावी. आय रजिस्टर, जे रजिस्टर, शेअर रजिस्टर, नामनिर्देशन रजिस्टर, दोन्ही सभांची इतिवृत्तं, हिशेबाची पुस्तकं, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, शिक्का. दोन प्रती, चौघांच्या सह्या. गच्चीच्या ठेकेदाराचं पाच वर्षांचं हमीपत्र आणि त्याची रोखून धरलेली अनामतही याच यादीत. त्या हमीपत्रावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की गच्चीवर कुंड्या ठेवल्या किंवा खिळा ठोकला तर हमी रद्द. गणपतीच्या मंडपासाठी गच्चीत भोक पाडणाऱ्या तरुण मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवं. जाता जाता काकांनीच सांगितलं.

चार्ज कच्चा मिळालाय हे ओळखायचं कसं? नव्या सेक्रेटरीने घरी जाऊन आय रजिस्टर उघडावं आणि इमारतीत सगळ्यात अलीकडे विकलं गेलेलं घर त्यात नोंदलंय का ते पाहावं. नसेल तर दोन-चार वर्षांच्या नोंदी राहिल्यात असं समजावं. इतिवृत्ताच्या वहीत मध्येच कोरी पानं सोडलेली असतील, तर ती नंतर भरण्यासाठी ठेवलेली असतात, दुसरं काही नाही. तिसरी जागा म्हणजे मागच्या ऑडिटचा दोषदुरुस्ती अहवाल, ज्याला सगळे ओ फॉर्म म्हणतात. ऑडिट रिपोर्ट आल्यापासून तीन महिन्यांत तो सादर करायचा असतो. तो दप्तरात नसेल तर ऑडिटरने काढलेल्या चुका जशाच्या तशा उभ्या आहेत, एवढं नक्की.

यातली शेवटची बाब निरोप घेणाऱ्यालाही सुटत नाही. सोसायटीचं हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. म्हणजे ऑगस्टमध्ये पायउतार होणाऱ्या सेक्रेटरींच्या कारभाराचे एप्रिल ते ऑगस्ट हे महिने पुढच्या ऑडिटमध्ये येतात. त्या महिन्यांच्या व्हाउचरवर सह्या त्यांच्या, आणि ऑडिटरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची वेळ येईल तेव्हा खुर्चीत दुसराच. काकांनी भाषणाच्या शेवटी आपला पुण्याचा पत्ता आणि नंबर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला, आणि सांगितलं, की पुढच्या ऑडिटच्या ओ फॉर्मवर माझ्या महिन्यांची उत्तरं मीच लिहून देईन, मसुदा तयार झाला की पाठवा.